प्रशिक्षणाचा फायदा गेला कुठे? कुपवाडच्या एका मशीन शॉपमधलं मध्यस्थ विश्लेषण

पार्श्वभूमी

सांगली आणि मिरजेच्या मधल्या कुपवाड एमआयडीसीत एक मध्यम आकाराचं सीएनसी मशीन शॉप आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग येतं, इथे त्यावर टर्निंग, बोअरिंग होतं आणि पंप व व्हॉल्व्हचे तयार भाग पुढे जातात. कंपनीची ओळख लपवण्यासाठी काही तपशील आणि आकडे बदलले आहेत, पण आकड्यांचे एकमेकांशी असलेले संबंध जसे होते तसेच ठेवले आहेत.

कंपनीने ऑपरेटरांसाठी मोजमाप आणि सेटिंगचं, म्हणजे मशीन जॉबसाठी लावून देण्याचं, प्रशिक्षण सुरू केलं. मायक्रोमीटर आणि बोअर डायल गेज नीट वाचणं, इन्सर्ट म्हणजे कापणारं टोक झिजलेलं वेळेत ओळखणं, ऑफसेट म्हणजे हत्याराच्या जागेतली दुरुस्ती किती आणि कधी द्यायची, पहिला नग कसा तपासायचा, असा सगळा कामाचा विषय होता. ऑपरेटर नव्वद आणि पहिल्या तुकडीत जागा पंचेचाळीस. कुणाला आधी पाठवायचं यावरून कुरबूर व्हायला लागली, तेव्हा एचआर मॅडमनी सरळ सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकल्या. त्यांना फक्त वाद मिटवायचा होता. पण त्या चिठ्ठ्यांमुळे संख्याशास्त्राच्या दृष्टीने एक फार मोलाची गोष्ट आपोआप घडली. कोण शिकणार हे हुशारीवर, वशिल्यावर किंवा अनुभवावर ठरलं नाही, त्यामुळे दोन्ही गटांची थेट तुलना करता येणार होती.

अडचण

प्रशिक्षणानंतरच्या दहा आठवड्यांचं उत्पादन मालकांसमोर आलं. प्रत्येक जॉबचा सायकल टाइम वेगळा असल्यामुळे नुसते नग मोजून उपयोग नव्हता. म्हणून दर ऑपरेटरने आपल्या टार्गेटच्या किती टक्के स्वीकृत नग दिले हे कामगिरीचं माप धरलं होतं. न शिकलेल्यांची सरासरी ८६ टक्के होती आणि शिकलेल्यांची त्याहून जेमतेम एक-दीड टक्का वर. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो.

मालकांचं म्हणणं सरळ होतं. "पोरांना आठवडाभर मशीनवरून काढलं, बाहेरचा माणूस आणून शिकवलं, आणि हातात एक टक्का? दुसरी तुकडी राहू द्या." मॅडमना हे पटत नव्हतं, कारण प्रशिक्षणानंतरच्या प्रात्यक्षिक चाचणीत शिकलेली मुलं चांगलीच पुढे होती. कौशल्य वाढलंय आणि काम वाढलेलं नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हा प्रश्न घेऊन त्यांनी माझ्याशी संपर्क केला. मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवतो आणि अधूनमधून कारखान्यांची आकडेमोड पाहतो.

प्रश्नाची मांडणी अशी झाली. प्रशिक्षण X, कामगिरी Y, आणि दोघांमधला दुवा, म्हणजे मध्यस्थ, कौशल्य M. प्रशिक्षणाने कौशल्य वाढतं आणि कौशल्याने काम सुधारतं, हा झाला अप्रत्यक्ष परिणाम. कौशल्याच्या वाटेने न जाता प्रशिक्षणाचा जो काही परिणाम कामावर होतो, तो थेट परिणाम. दोन्ही मिळून एकूण परिणाम. मालकांच्या हातात फक्त एकूण परिणाम होता.

मध्यस्थ कोणता आणि तो कधी मोजलेला

मध्यस्थ चल म्हणून दोन गोष्टी उपलब्ध होत्या. एक, ऑपरेटरांनी स्वतः भरलेली आत्मविश्वासाची प्रश्नावली. दुसरी, पन्नास गुणांची प्रात्यक्षिक चाचणी. त्यात ठरावीक दहा भाग मोजायचे आणि मुद्दाम बिघडवलेला ऑफसेट दुरुस्त करायचा होता.

प्रश्नावली आम्ही बाजूला ठेवली, कारण ती दहा आठवड्यांच्या शेवटी भरून घेतलेली होती. ज्याचं काम चांगलं झालं त्याचा आत्मविश्वास वाढतोच. म्हणजे तिथे Y मुळे M बदलण्याची दाट शक्यता होती. रिग्रेशन म्हणजे एका चलासोबत दुसरं किती बदलतं हे समीकरणात बसवणं, आणि त्या बदलाचा आकडा म्हणजे सहगुणक. पण रिग्रेशनला बाणाची दिशा कळत नाही. उलट्या दिशेचा संबंधही ते तितक्याच ठामपणे सहगुणकात घालून दाखवतं. चाचणी मात्र प्रशिक्षण संपल्यावर लगेच, उत्पादन मोजायला सुरुवात होण्याआधी घेतली होती. आधी X, मग M, मग Y हा क्रम तारखांवरून सिद्ध होत होता. शिवाय चाचणी दोन्ही गटांची घेतलेली होती आणि प्रशिक्षणापूर्वीही तीच एकदा झाली होती. हे पूर्वगुण पुढे फार कामाला आले.

तीन रिग्रेशन

पद्धत जुनी आणि सोपी आहे. रूबेन बॅरन आणि डेव्हिड केनी यांनी १९८६ मध्ये ती ज्या रूपात मांडली, त्या रूपात ती आजही वर्गांत शिकवली जाते. तीन समीकरणं बसवायची:

```
Y = i1 + c·X + e1
M = i2 + a·X + e2
Y = i3 + c'·X + b·M + e3
```

पहिल्यातला c हा एकूण परिणाम. दुसऱ्यातला a म्हणजे प्रशिक्षणाने चाचणीचे किती गुण वाढले. तिसऱ्यात b म्हणजे प्रशिक्षण समान असताना एका जास्तीच्या गुणामागे कामगिरी किती बदलते, आणि c' म्हणजे थेट परिणाम. दुसऱ्या समीकरणातला M तिसऱ्यात घालून पाहिला की X चा सहगुणक c' + a·b होतो. म्हणून साध्या रेषीय रिग्रेशनमध्ये c = c' + a·b हे अचूक जुळतं, अंदाजाने नव्हे.

मॅडमच्या टीममधल्या मुलाने एक्सेलमध्ये केलेली आकडेमोड माझ्यासमोर आली तेव्हा ती जुळत नव्हती. पहिल्या समीकरणात c १.५ होता आणि c' + a·b मात्र १.२. फरक लहान होता, पण इथे लहान फरकालाही जागा नाही. कारण लगेच सापडलं. चाचणीच्या दिवशी दोन्ही गटांतले तीन-तीन जण गैरहजर होते. पहिलं समीकरण नव्वद जणांवर बसवलेलं, बाकीची दोन चौऱ्याऐंशी जणांवर. बेरीज न जुळणं हे बहुतेक वेळा याचंच लक्षण असतं. एकतर तिन्ही समीकरणांत माणसं वेगळी असतात, नाहीतर एखादं नियंत्रक चल एकात घातलेलं आणि दुसऱ्यात विसरलेलं असतं. तिन्ही समीकरणं त्याच चौऱ्याऐंशी जणांवर पुन्हा बसवली. खालच्या तक्त्यातली प्रमाण त्रुटी म्हणजे निव्वळ योगायोगाने सहगुणक साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो याचं माप.

| | सहगुणक | प्रमाण त्रुटी |
|---|---|---|
| एकूण परिणाम c | १.२ | १.३ |
| प्रशिक्षण → कौशल्य a | ६.० | १.१ |
| कौशल्य → कामगिरी b | ०.७ | ०.११ |
| थेट परिणाम c' | −३.० | १.३ |

अप्रत्यक्ष परिणाम ६.० × ०.७ = ४.२, थेट परिणाम −३.०, बेरीज १.२. म्हणजे कौशल्याच्या वाटेने कामगिरी चार टक्क्यांहून अधिक वाढत होती आणि दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने त्यातले तीन टक्के परत जात होते.

पहिला निर्णय: इथेच थांबायचं का?

बॅरन-केनी यांच्या मूळ नियमांप्रमाणे वागलो असतो तर प्रकरण पहिल्याच पायरीवर बंद झालं असतं. त्यांची पहिली अट अशी की c लक्षणीय हवा, म्हणजे योगायोगाने आला असं म्हणता येणार नाही इतका मोठा. एकूण परिणामच नाही तर मध्यस्थी कसली, असा त्यामागचा विचार. १.२ ला १.३ प्रमाण त्रुटी असताना c लक्षणीय म्हणता येत नाही. अनेक प्रबंधांत आजही या जागी "मध्यस्थी आढळली नाही" असं लिहून पुढे जातात.

पण दोन वाटांची चिन्हं विरुद्ध असतील तर बेरीज शून्याजवळ येणारच. अशा स्थितीला विसंगत मध्यस्थी म्हणतात आणि आज बहुतेक जाणकार पहिली अट पाळायचा आग्रह धरत नाहीत. तपासायचं असतं ते a·b. आमच्यासमोर तीन पर्याय होते. जुन्या नियमाने थांबणं, सोबेलची चाचणी लावणं किंवा बूटस्ट्रॅप करणं.

मायकेल सोबेल यांनी १९८२ मध्ये a·b ची प्रमाण त्रुटी काढण्याचं सूत्र दिलं. ते हातानेही करता येतं. इथे ती साधारण १.० येते, म्हणजे ४.२ हा आकडा शून्यापासून चार प्रमाण त्रुटी दूर. अडचण इतकीच की हे सूत्र a·b चं वितरण घंटेसारखं सममित धरतं. दोन सहगुणकांच्या गुणाकाराचं वितरण सहसा एका बाजूला कललेलं असतं, आणि ऐंशी-नव्वद माणसांच्या नमुन्यात तो कल दुर्लक्षून चालत नाही. म्हणून बूटस्ट्रॅप निवडला. चौऱ्याऐंशी जणांतून पुन्हा पुन्हा, तोच माणूस दोनदा आला तरी चालेल अशा रीतीने चौऱ्याऐंशी जण उचलायचे, दर वेळी a·b काढायचा आणि मिळालेल्या हजारो किमतींतला मधला पंच्याण्णव टक्क्यांचा पट्टा बघायचा. आर मध्ये ते एवढंच आहे (`pre` म्हणजे पूर्वगुण, `yrs` म्हणजे अनुभवाची वर्षं):

```r
set.seed(11)
ab <- replicate(5000, {
  s <- d[sample(nrow(d), replace = TRUE), ]
  a <- coef(lm(skill ~ train + pre + yrs, data = s))["train"]
  b <- coef(lm(perf ~ train + skill + pre + yrs, data = s))["skill"]
  a * b
})
quantile(ab, c(0.025, 0.975))
```

दुसरा निर्णय: b वर किती विसंबायचं

पूर्वगुण आणि अनुभव ही दोन चलं आत का आली, यावर मॅडमशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांचा आक्षेप रास्त होता. "चिठ्ठ्या टाकल्यात ना सर? मग दोन्ही गट सारखेच की. परत अनुभव कशाला घालायचा?"

चिठ्ठ्यांनी प्रशिक्षण वाटलं गेलं, कौशल्य नाही. त्यामुळे a आणि c यांना चिठ्ठ्यांचं संरक्षण आहे, b ला अजिबात नाही. चाचणीत चाळीस गुण मिळवणारा ऑपरेटर आणि अठ्ठावीस मिळवणारा ऑपरेटर यांच्यात फक्त गुणांचा फरक नसतो. पहिला कदाचित दहा वर्षं मशीनवर आहे, जात्याच चोख आहे, आणि तो न शिकताही जास्त नग देत होता. हे सगळं b मध्ये मिसळतं आणि तो फुगतो. b फुगला की अप्रत्यक्ष परिणाम फुगतो, आणि बेरीज ठरलेली असल्यामुळे थेट परिणाम तितकाच खाली ढकलला जातो. मध्यस्थ विश्लेषणात सगळ्यात जास्त फसगत याच जागी होते, आणि प्रयोग नीट यादृच्छिक केला आहे या समाधानात ती नजरेआड राहते.

पूर्वगुण आणि अनुभव तिन्ही समीकरणांत घातल्यावर अपेक्षेप्रमाणे a होता तिथेच राहिला, ६.०. पण b ०.७ वरून ०.५ वर आला. एकूण परिणाम १.०, अप्रत्यक्ष ३.० आणि थेट −२.०. बूटस्ट्रॅपचा पट्टा अप्रत्यक्ष परिणामासाठी साधारण १.४ ते ४.८ आला, म्हणजे शून्यापासून स्पष्ट दूर. थेट परिणामाचा पट्टा मात्र −४.४ ते ०.४ असा शून्य ओलांडून गेला. आधीच्या तक्त्यात जो थेट तोटा ठळक दिसत होता, त्याचा काही भाग b च्या सुजेतून आलेला होता.

तरी मोजता न आलेलं काही उरतंच. मुलगा मुळात किती काळजीपूर्वक काम करतो, हे कुठल्या रकान्यात लिहायचं? म्हणून उलटा प्रश्न विचारला. अप्रत्यक्ष परिणाम पूर्ण शून्य व्हायला असं छुपं कारण किती जोरदार असावं लागेल? प्रशिक्षण, पूर्वगुण आणि अनुभव वजा केल्यावर M आणि Y मध्ये उरणारा सहसंबंध इथे ०.४१ होता. तो सगळाच्या सगळा छुप्या कारणाने घडवला असेल तरच कौशल्याचं श्रेय शून्य होतं. पूर्वगुण आधीच समीकरणात असताना इतकं जोरदार काही शिल्लक असेल असं प्लांटमधल्या कुणालाही वाटलं नाही. निम्मं असू शकेल, आणि मग अप्रत्यक्ष परिणाम तीनऐवजी दीडच्या आसपास धरावा लागेल. अहवालात आम्ही दोन्ही आकडे लिहिले.

शिकलेल्या आणि न शिकलेल्यांमध्ये b वेगवेगळा आहे का, हेही X आणि M चा गुणाकार समीकरणात घालून पाहिलं. तसा फरक असता तर a·b हा एकच आकडा सांगून भागलं नसतं. इथे गुणाकाराचा सहगुणक नगण्य निघाला.

तिसरा निर्णय: "थेट" या खात्यात काय दडलंय

थेट परिणाम हे नाव दिशाभूल करतं. प्रशिक्षण नावाची वस्तू हवेतून जाऊन मशीनवरचे नग कमी करत नाही. c' मध्ये आपण न मोजलेल्या सगळ्या वाटा एकत्र पडलेल्या असतात. −२.० ला पुरेशी खात्री नव्हती हे खरं, पण उणे दोन टक्के दुकानात खरोखर हरवत असतील तर ते कुठून जातात हे शोधणं कारखान्याच्या फायद्याचं होतं.

एक तर्क असा होता की शिकलेली मुलं जास्त वेळा मोजतात म्हणून मंदावतात. प्लांट हेडना हा तर्क फार आवडला होता. पण मशीनच्या नोंदींत त्यांचा सायकलमधला थांबा वाढलेला दिसेना. खरं उत्तर दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरने चहा पिता पिता दिलं. "अवो साहेब, शिकून आलेलं पोरगं दिसलं की शेजारच्या मशीनचं सेटिंग बी त्याच्याच गळ्यात. त्येचं मशीन तवर उभंच की."

स्वतःच्या मशीनच्या सेटिंगचा वेळ टार्गेटमधून वजा होत होता, शेजारच्या मशीनचा होत नव्हता. सुदैवाने दर सेटिंगनंतर पहिल्या नगाची मंजुरी घेताना रजिस्टरवर सेटिंग करणाऱ्याची सही होते. त्या सह्यांवरून दर ऑपरेटरने आठवड्याला दुसऱ्यांच्या मशीनवर किती सेटिंग केली हे मोजता आलं, आणि ते दुसरं मध्यस्थ चल झालं. दोन्ही मध्यस्थ शेवटच्या समीकरणात एकत्र घातले:

```
Y = i + c'·X + b1·M1 + b2·M2 + (pre, yrs) + e
```

शिकलेल्यांकडे आठवड्याला सरासरी १.६ जास्तीची सेटिंग आलेली होती, आणि अशा प्रत्येक सेटिंगमागे कामगिरी १.३ टक्क्यांनी घटत होती.

| वाट | हिशोब | परिणाम |
|---|---|---|
| कौशल्यातून | ६.० × ०.५२ | +३.१ |
| शेजारच्या सेटिंगमधून | १.६ × −१.३ | −२.१ |
| उरलेला थेट परिणाम | | जवळपास ० |
| एकूण | | १.० |

दोन्ही वाटांचे बूटस्ट्रॅप पट्टे शून्याच्या आपापल्या बाजूला राहिले. कौशल्याचा साधारण १.७ ते ४.७, सेटिंगचा −३.५ ते −०.९.

१.३ हा आकडा खरा वाटतो का, हे पडताळायला रिग्रेशनची गरज नव्हती. आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांतले १.३ टक्के म्हणजे साधारण सदतीस मिनिटं. या दुकानात एका सेटिंगला अर्धा ते पाऊण तास जातो. सहगुणक आणि घड्याळ जुळले, तेव्हा मालक पहिल्यांदा खुर्चीत पुढे सरकून बसले.

दोन मध्यस्थ एकत्र घालताना एक धोका असतो. सेटिंग करून करून कौशल्य वाढत असेल तर दोन्ही वाटा एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि असं वेगळं श्रेय देता येत नाही. इथे चाचणी आधी झाली होती आणि सेटिंग नंतर, त्यामुळे ती दिशा बंद होती. उलट दिशा, म्हणजे ज्याचे गुण जास्त त्यालाच सेटिंग मिळते, ही शक्य होती. पण गुण सुपरवायझरांना दाखवलेलेच नव्हते, आणि शिकलेल्यांच्या गटात गुण आणि सेटिंगची संख्या यांचा संबंध क्षीण होता. सुपरवायझर प्रमाणपत्र पाहत होते.

काय केलं

मालकांसमोर तीन पर्याय ठेवले. प्रशिक्षण बंद करणं, आहे तसं चालू ठेवणं, किंवा प्रशिक्षण चालू ठेवून सेटिंगची व्यवस्था बदलणं. तिसरा पर्याय लगेच मान्य झाला नाही. प्लांट हेडचा मुद्दा असा की शेजारच्या मशीनचं सेटिंग शिकलेल्या माणसाने केलं तर त्या मशीनचं रिजेक्शन कमी होतं, मग त्याला अडवायचं कशाला? मुद्दा बरोबर होता, आणि त्यामुळे माझ्या तक्त्यालाही धक्का बसत होता. त्याबद्दल पुढे लिहितो.

अखेर असं ठरलं. दुसरी तुकडी पाठवायची. दर पाळीला दोन जणांना अधिकृत सेटर नेमायचं. त्यांच्या मशीनचं टार्गेट कमी धरायचं. बाकी कुणी दुसऱ्याच्या मशीनवर सेटिंग केली तर तो वेळ वेगळ्या कोडखाली लिहायचा आणि त्याच्या टार्गेटमधून वजा करायचा.

काय झालं

दुसऱ्या तुकडीचे चाचणीगुण पहिलीच्याच मापात वाढले. सह्यांच्या रजिस्टरवरून दिसलं की सेटरखेरीज इतरांकडची परकी सेटिंग बरीच खाली आली. पुढच्या तिमाहीत कामगिरीची सरासरी अडीच टक्क्यांच्या आसपास वर गेली.

हे अडीच टक्के प्रशिक्षणाचे आहेत असं मी अहवालात लिहू दिलं नाही. तोपर्यंत सगळेच शिकलेले होते, तुलनेला गट उरला नव्हता. त्याच तिमाहीत एक कटकटीचा जॉबही बंद झाला होता. कौशल्याच्या वाटेचा अंदाज तीनच्या आसपास होता आणि प्रत्यक्ष वाढ त्याच्या जवळ आली, एवढंच म्हणता येतं. एका ऑपरेटरला मात्र टक्क्यांत रस नव्हता. "आता माझं टार्गेट पडलं तर कुणामुळं पडलं ते दिसतंय," तो म्हणाला. आधी शिकून आल्याची शिक्षा भोगावी लागते अशी भावना त्या गटात होती, आणि बोनस टार्गेटला जोडलेला असल्यामुळे ती खोटी नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

प्लांट हेडच्या मुद्द्याकडे परत येतो. शिकलेला ऑपरेटर न शिकलेल्याचं मशीन लावून देत असेल तर न शिकलेल्याची कामगिरीही प्रशिक्षणामुळेच वाढते. तुलनेचा गट तुलनेचा राहत नाही. आपण त्याचं ८६ टक्के हे "प्रशिक्षण नसतं तर" याचं माप समजतो, पण त्यात प्रशिक्षणाचा फायदा आधीच शिरलेला असतो. त्यामुळे एकूण परिणाम १.० हा कारखान्याला झालेल्या फायद्यापेक्षा कमी दिसतो, आणि किती कमी हे या माहितीतून काढता येत नाही. चिठ्ठ्या माणसांच्या नावाने न टाकता मशीनच्या सेलच्या नावाने टाकल्या असत्या, म्हणजे एका सेलमधले सगळे शिकलेले आणि शेजारच्या सेलमधलं कुणीच नाही, तर ही गळती बरीच अडवता आली असती. मात्र मग स्वतंत्र घटक चौऱ्याऐंशीवरून दहा-बारावर आले असते आणि बूटस्ट्रॅपचे पट्टे इतके रुंदावले असते की कदाचित काहीच सांगता आलं नसतं. नव्वद माणसांच्या दुकानात हा व्यवहार दोन्हीकडून महागच पडतो.

कामगिरीचं माप निवडताना रिजेक्शनची टक्केवारी वेगळी ठेवायला हवी होती. प्रशिक्षण मोजमापाचं होतं, त्याचा पहिला ठसा तिथे उमटतो, आणि परक्या सेटिंगमुळे मशीन उभं राहिलं तरी रिजेक्शनचं प्रमाण त्याने बिघडत नाही. स्वीकृत नगांच्या आकड्यात वेळ आणि दर्जा दोन्ही मिसळले गेले. मालकांना मात्र एकच आकडा हवा होता, आणि तो टार्गेटचाच हवा होता.

प्रशिक्षणाआधीची कामगिरी मिळाली असती तर b जास्त भरवशाचा झाला असता. पूर्वगुण होते, पण पूर्वीची उत्पादनाची नोंद पाळीवार होती, ऑपरेटरवार नव्हती. आता ती ऑपरेटरवार होते. सुपरवायझरांशी बोलणंही आकडे पाहण्याआधी व्हायला हवं. परकी सेटिंग हे दुसरं मध्यस्थ चल आकडे पाहून झाल्यावर सापडलं, आणि असं मागाहून सापडलेलं चल नेहमी थोडं जास्तच छान बसतं. म्हणून −२.१ या आकड्याची फेरतपासणी नव्या माहितीवर व्हायला हवी. पुढच्या भरतीतल्या ऑपरेटरांसाठी पुन्हा दोन तुकड्या पडणार आहेत, चिठ्ठ्या टाकायचं ठरलंय, आणि या वेळी सेटिंगचा कोड पहिल्या दिवसापासून भरला जाणार आहे.